परदेशाहून आल्यावर ताप-खोकला: डॉक्टर आधी तारखा का विचारतात

ताप आणि खोकला एवढ्यावरून डॉक्टरला फारसं काही ठरवता येत नाही. फ्लू, कोविड, डेंग्यू, टायफॉइड, न्यूमोनिया, लेप्टो, मलेरिया, सगळ्यांचे पहिले दोन-तीन दिवस एकमेकांसारखेच असतात. अंग मोडून येतं, डोकं दुखतं, घशात खवखव होते, कोरडी ढास लागते. स्टेथोस्कोप लावून यातला फ्लू कुठला आणि मलेरिया कुठला, हे कोणत्याही डॉक्टरला सांगता येणार नाही. म्हणून मग प्रश्न येतात. कुठून आलात, कधी आलात, तिथे काय काय केलंत.

गोव्यात हे प्रश्न विचारायची वेळ वारंवार येते. इथे प्रत्येक वाड्यावर कोणी ना कोणी बाहेर असतो. कोणी जहाजावर तारवटी, कोणी मस्कत-दुबईला, कोणी लंडन-लिस्बनला, तर कोणी आफ्रिकेत. सुट्टीवर आलेला हा माणूस चतुर्थी, शिमगा किंवा लग्नकार्य गाठतो आणि मध्येच आजारी पडतो. घरचे म्हणतात, विमानातल्या एसीमुळे झालं, नाहीतर पाणी बदललं. मग फार्मसीतून अँटिबायोटिकची पट्टी येते, आणि परदेशाचा विषय तिथेच संपतो.

एक उदाहरण तपशीलवार घेऊ. रुग्ण काल्पनिक आहे, पण त्याच्या आजारातली प्रत्येक गोष्ट डॉक्टरांना रोज दिसते तशीच आहे. त्याला प्रकाश म्हणू. वय ४२, घर डिचोलीला, नोकरी मोझांबिकच्या उत्तरेला नांपुला शहराजवळ, एका बांधकाम साइटवर सुपरवायझर. पाच महिने तिथे राहून तो १ मार्चला निघाला, आदिस अबाबा आणि मुंबई करत २ मार्चला रात्री घरी पोचला. ७ मार्चला सत्तरीत मेहुण्याच्या काजूच्या बागेत बोंडू गोळा करायला गेला. ११ मार्चला शिमग्याची मिरवणूक बघायला गेला. १३ मार्चच्या संध्याकाळी हुडहुडी भरून ताप आला आणि दुसऱ्या दिवसापासून खोकला. तीन दिवस पॅरासिटामॉल आणि कोणीतरी सुचवलेली अ‍ॅझिथ्रोमायसिन घेऊन झाल्यावर, १६ तारखेला तो डॉक्टरसमोर बसला आहे. ताप १०२, नाडी जलद, ऑक्सिजन ९७, छाती ऐकायला स्वच्छ.

"कशामुळे वाटतं तुम्हाला?" डॉक्टर विचारतात. "शिमग्यात धूळ फार होती," प्रकाश म्हणतो. मोझांबिकचं नाव तो स्वतःहून काढत नाही. त्याच्या दृष्टीने तो प्रवास संपून दोन आठवडे झाले. त्यात तो आफ्रिकेत होता तेव्हा ठणठणीत होता. मग आत्ताच्या तापाशी त्याचा काय संबंध?

संबंध आहे, कारण जंतू शरीरात शिरल्यापासून ताप येईपर्यंत काही दिवस जातात आणि हा काळ प्रत्येक आजाराचा वेगळा असतो. त्याला उद्भवन काळ म्हणतात. फ्लूचा एक ते चार दिवस. डेंग्यूचा साधारण चार ते दहा दिवस, फार तर चौदा. टायफॉइडला आठवडा ते महिना लागू शकतो. आफ्रिकेत सर्वाधिक आढळणारा आणि सर्वांत घातक मलेरिया म्हणजे फाल्सिपॅरम. त्यात डास चावल्यापासून सात दिवसांच्या आत ताप येत नाही. बहुतेकांना नऊ ते चौदा दिवसांनी येतो, आणि पुष्कळांना देश सोडल्यावर महिन्याभरात. म्हणजे माणूस विमानात धडधाकट चढतो, घरी येऊन पाहुणचार घेतो आणि मग आजारी पडतो.

आता प्रकाशच्या तारखा कागदावर मांडू. मोझांबिक सोडल्यापासून ताप यायला बारा दिवस लागले. तिथला किंवा विमानातला फ्लू असता तर ६ मार्चच्या आतच आला असता. तेव्हा फ्लू असलाच तर तो इथलाच, बहुधा शिमग्याच्या गर्दीतला. मोझांबिकचा डेंग्यू काठावर बसतो, इथला डेंग्यूही होऊ शकतो. टायफॉइड बसतो. फाल्सिपॅरम अगदी नेमका बसतो.

आणखीही एक आजार बसतो, आणि परदेश ऐकल्यावर डॉक्टर नेमका तोच विसरू शकतात. सत्तरीत २०१५ पासून माकडताप आहे. तो गोचिडीतून होतो, काजूच्या हंगामात वाढतो आणि चावल्यापासून तीन ते आठ दिवसांत ताप येतो. प्रकाशची बागेतली फेरी तापाच्या सहा दिवस आधीची. परदेशाहून आलेला माणूस घरी आल्यावरही कुठेतरी फिरतोच, आणि त्या फेऱ्याही प्रवासातच धराव्या लागतात. माझ्या मते गोव्यातल्या डॉक्टरने हा चौथा प्रश्न कधीच गाळू नये: आल्यापासून कुठे कुठे गेलात?

एवढ्या शक्यतांमधून आधी काय तपासायचं? बहुतेकांना वाटतं, जे सर्वांत संभवतं ते. डॉक्टर आधी बघतात ते सर्वांत घातक, ज्यावर नेमकं औषध आहे आणि ज्यात उशीर महाग पडतो. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतून परतलेल्या माणसाचा ताप हा रक्ततपासणीत तसं नाही असं दिसेपर्यंत मलेरियाच धरायचा, हा जगभरातल्या डॉक्टरांचा नियम आहे. जगातल्या मलेरियाच्या रुग्णांपैकी जवळपास निम्मे चार देशांत असतात: नायजेरिया, डेमोक्रॅटिक रिपब्लिक ऑफ काँगो, युगांडा आणि मोझांबिक. त्यातही मोझांबिकच्या उत्तरेला डिसेंबर ते एप्रिल पाऊस असतो आणि डासांचा जोर तेव्हाच सर्वाधिक असतो. प्रकाश नेमका त्याच महिन्यांत तिथे होता.

पण खोकल्याचं काय? मलेरिया म्हटलं की थंडी, ताप आणि घाम ही तिकडी डोळ्यांपुढे येते. खोकला दिसला की मन फुप्फुसाकडे जातं. इथेच फसगत होते. मलेरियातही कोरडा खोकला येतो. परजीवी शिरलेल्या लाल पेशी चिकट होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना धरून बसतात. हे मेंदूत होतं, मूत्रपिंडात होतं, फुप्फुसातही होतं. सुरुवातीला त्यातून नुसती ढास लागते. आजार बळावला तर फुप्फुसात पाणी साचून दम लागतो. प्रकाशचा एक्स-रे स्वच्छ आला. चांगला ताप, तीन दिवसांचा खोकला आणि तरीही स्वच्छ एक्स-रे, हे पाहून डॉक्टरांनी 'न्यूमोनिया नाही, व्हायरल असेल' म्हणून घरी पाठवलं असतं तर मोठी चूक झाली असती.

साध्या रक्ततपासणीत प्लेटलेट ७६,००० निघाल्या. गोव्यात प्लेटलेट कमी म्हटलं की घरचे लगेच डेंग्यू म्हणतात आणि पपईच्या पानांचा रस सुरू होतो. पण मलेरियातही प्लेटलेट अशाच उतरतात, माकडतापातही उतरतात. डेंग्यूची एनएस-वन तपासणी निगेटिव्ह आली. बिलिरुबिन किंचित वाढलेलं होतं. हा डेंग्यूपेक्षा मलेरियाकडे झुकणारा धागा, कारण त्यात लाल पेशी फुटतात.

मग मलेरियाची तपासणी. ती दोन प्रकारे होते. एक, पट्टीवरची झटपट चाचणी. बोटातून थेंबभर रक्त घेतात आणि पंधरा-वीस मिनिटांत रेघ उमटते. दुसरी जुनी पद्धत म्हणजे काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. त्यातही एक जाड थेंब आणि एक पातळ थर असे दोन नमुने करतात. जाड थेंबात परजीवी आहेत की नाहीत हे लवकर कळतं. पातळ थरात जात ओळखू येते आणि शंभर लाल पेशींपैकी किती पेशींत परजीवी आहेत हे मोजता येतं.

पट्टीवर फाल्सिपॅरमची रेघ उमटली. पण इथे प्रकाशने एक गोष्ट सांगितली, विचारल्यावरच: "जानेवारीत तिथे एकदा मलेरिया झाला होता. दुकानातनं गोळ्या आणून दोन दिवस खाल्ल्या, बरं वाटलं म्हणून सोडल्या." त्यामुळे पट्टीची रेघ तेवढी पक्की राहिली नाही. ही चाचणी परजीवीचं एक प्रथिन पकडते, आणि परजीवी मेल्यावरही ते प्रथिन काही आठवडे रक्तात राहू शकतं. म्हणजे रेघ जुन्या मलेरियाची असू शकते. याची उलट बाजू तर जास्त धोक्याची. अर्धवट घेतलेल्या गोळ्यांमुळे परजीवी इतके कमी होतात की काचेवर दिसतच नाहीत, आणि मागाहून पुन्हा वाढतात. म्हणून काचेवरचं निदान एकदा निगेटिव्ह आलं तरी प्रश्न मिटत नाही. बारा ते चोवीस तासांच्या अंतराने एकूण तीनदा रक्त बघावं लागतं.

प्रकाशच्या बाबतीत पहिल्याच काचेवर बारीक अंगठ्यांसारखे परजीवी दिसले, शंभरात एका पेशीत. म्हणजे आजार चालू होता. शंभरात दहाच्या वर गेलं की तेवढ्यावरूनच मलेरिया गंभीर मानतात. एक टक्का त्या मानाने कमी, पण फाल्सिपॅरम दर ४८ तासांनी नवी पिढी सोडतो, आणि आज चालत आलेला माणूस उद्या बेशुद्ध होऊ शकतो. त्यात प्रकाशसारख्याला जन्मापासून मलेरियाशी झगडलेल्या तिथल्या माणसाएवढी प्रतिकारशक्ती नसते. इतके दिवस तिथे राहिलो, मला काही होत नाही, हा समज म्हणूनच महागात पडतो.

त्याला इस्पितळात ठेवून आर्टेमिथर आणि ल्युमेफँट्रिन या जोडगोळीचा पूर्ण कोर्स दिला: तीन दिवसांत सहा वेळा, दर वेळी दुधाबरोबर किंवा तूप-तेल असलेल्या जेवणाबरोबर, कारण स्निग्ध अन्नाशिवाय हे औषध नीट शोषलं जात नाही. उपाशीपोटी गोळी घेणं हेही जानेवारीतला मलेरिया पुरता न जाण्याचं कारण असू शकतं. सोबत प्रिमाक्विनचा एक डोस. त्याचा उपयोग प्रकाशपेक्षा डिचोलीला जास्त. परजीवीचं जे रूप डासात जाऊन पुढे पसरतं, ते या औषधाने मरतं. मलेरिया पसरवणारा डास गोव्यातही आहे, साठवलेल्या पाण्यात वाढतो, आणि परदेशाहून आलेल्या एका माणसाच्या रक्तातून तो नवीन साखळी सुरू करू शकतो. त्यामुळे आरोग्य केंद्राची माणसं येऊन टाक्या आणि पिंपं बघून गेली, तर शेजाऱ्यांनी त्यांच्यावर चिडायचं कारण नाही.

ग्लानी येणं, डोळे पिवळे होणं, गडद लघवी, गोळी पोटात टिकू न देणारी उलटी, किंवा बसल्या बसल्या दम लागणं यातलं एकही लक्षण दिसतं तर शिरेतून आर्टेसुनेट द्यावं लागलं असतं आणि बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात हलवावं लागलं असतं.

आता हाच प्रकाश, हाच ताप, हाच खोकला, फक्त पासपोर्टवरचा शिक्का बदलून बघू.

समजा तो सौदी अरेबियाहून आला असता. मलेरिया यादीत खाली गेला असता आणि मर्स हे नाव वर आलं असतं. हा कोरोना कुळातलाच विषाणू, २०१२ मध्ये सौदीत पहिल्यांदा ओळखला गेला, उंटांमधून माणसात येतो, आणि उद्भवन काळ दोन ते चौदा दिवस. इथे डॉक्टरांचे प्रश्नच वेगळे असतात. उंटांच्या फार्मवर गेलात का? उंटाचं कच्चं दूध प्यायलात का? तिथल्या इस्पितळात कोणाला भेटायला गेलात का? शेवटचा प्रश्न अनेकांना विचित्र वाटतो, पण मर्सचे मोठे उद्रेक इस्पितळांतच झालेत. आखातातून येणाऱ्या बहुतेकांना साधा फ्लू किंवा सर्दीच असते. पण या उत्तरांत एकही 'हो' आलं, किंवा छातीत न्यूमोनिया दिसला, तर आधी मास्क आणि वेगळी खोली, तपासणी त्यानंतर.

हा क्रम का, ते दक्षिण कोरियाने २०१५ मध्ये पाहिलं. मध्यपूर्वेतून परतलेला एक माणूस मे महिन्यात ताप-खोकल्याने आजारी पडला आणि मर्सचं निदान २० मेला होईपर्यंत वेगवेगळ्या दवाखान्यांत गेला. त्या एका प्रवासातून त्याच्यासह १८६ जणांना लागण झाली आणि ३८ जण मरण पावले. त्यातले बरेचसे त्याच इस्पितळांतले रुग्ण, नातेवाईक आणि कर्मचारी होते.

समजा प्रकाश क्रूझवरचा तारवटी असता, ताप जहाज सोडल्यावर पाच दिवसांनी आला असता आणि एक्स-रेवर न्यूमोनिया दिसला असता. मग डॉक्टर पाण्याबद्दल विचारतील: केबिनमधला शॉवर, गरम पाण्याचा टब, फवारे. लेजिओनेला नावाचा जिवाणू कोमट, साचलेल्या पाण्याच्या नळ्यांत वाढतो आणि तुषारांवाटे छातीत जातो. उद्भवन काळ दोन ते दहा दिवस, कधी थोडा जास्त. जहाजं आणि हॉटेलं या आजाराची जुनी ठिकाणं. त्याचं नाव सांगणं महत्त्वाचं, कारण न्यूमोनियाला नेहमी दिली जाणारी अ‍ॅमॉक्सिसिलिन त्याच्यावर चालत नाही. हा जिवाणू आपल्या पेशींच्या आत लपतो. त्याला अ‍ॅझिथ्रोमायसिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन लागतं. निदान लघवीच्या तपासणीतून होतं, पण ती लेजिओनेलाचा एकच मुख्य प्रकार पकडते. म्हणून ती निगेटिव्ह आली तरी जहाजाची हकिगत पक्की असेल तर डॉक्टर औषध थांबवत नाहीत. एक दिलासा: हा आजार एकाकडून दुसऱ्याला सहसा लागत नाही, घरच्यांनी ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही.

'काय केलंत' या प्रश्नाची ताकद दाखवणारं आणखी एक उदाहरण मोझांबिकचंच. देशाच्या वायव्येला मलावीच्या सीमेवर मोठं गोड्या पाण्याचं सरोवर आहे. नाताळच्या सुट्टीत त्यात पोहून आलेल्या माणसाला चार ते आठ आठवड्यांनी ताप, कोरडा खोकला आणि अंगावर पित्त उठू शकतं. पाण्यातल्या गोगलगायींमधून निघालेल्या सूक्ष्म अळ्या त्वचेतून आत शिरतात, त्याचा हा परिणाम. आजाराचं नाव शिस्टोसोमियासिस. रक्तात इओसिनोफिल नावाच्या पेशी खूप वाढलेल्या दिसतात. गोव्यात अशा रिपोर्टवर 'अ‍ॅलर्जिक खोकला' असा शिक्का सहज बसू शकतो. सरोवरात पोहल्याचं रुग्ण स्वतःहून कधीच सांगणार नाही, कारण पोहण्याचा खोकल्याशी संबंध त्याला कसा कळणार?

म्हणून दवाखान्यात जाताना एक कागद न्यावा आणि त्यावर तारखा लिहाव्यात. देश आणि शक्य तर शहर किंवा जिल्हा, कारण मोझांबिकमध्ये मापुटो शहरात राहणं आणि नांपुलाच्या खेड्यात राहणं यात मलेरियाच्या दृष्टीने मोठा फरक आहे. निघाल्याची तारीख, घरी पोचल्याची तारीख, ताप सुरू झाल्याची तारीख. तिथे आणि इथे आल्यावर घेतलेली प्रत्येक गोळी, अर्धवट सोडलेलीसुद्धा. मलेरिया टाळायच्या गोळ्या घेत असाल तर त्या कधी थांबवल्या तेही. डॉक्सिसायक्लिन किंवा मेफ्लोक्विन असेल तर देश सोडल्यावरही चार आठवडे चालू ठेवावी लागते. पुष्कळ जण विमानात बसल्याबरोबर बंद करतात.

आणि हा कागद टाकून देऊ नका. फाल्सिपॅरम बहुतेक वेळा पहिल्या तीन महिन्यांत दिसतो. पण व्हायव्हॅक्स आणि आफ्रिकेतला ओव्हाले या मलेरियाच्या जाती यकृतात निद्रिस्त राहतात आणि सहा महिन्यांनी, क्वचित वर्षानंतरही ताप आणतात. त्यामुळे शिमग्याला आलेल्या प्रकाशला चतुर्थीच्या दिवसांत पुन्हा थंडी वाजून ताप आला, तरी डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगायचं: मार्चपर्यंत मी मोझांबिकमध्ये होतो.